दारू अचानक तुटते तेव्हा

२०२०च्या मार्चअखेरीस टाळेबंदीमुळे हैदराबादेतली दारूची आणि ताडीची दुकाने एकदमच बंद झाली. आठवडाभरातच एर्रागड्ड्याच्या मानसिक आरोग्य संस्थेत दिवसाला शंभराच्या घरात माणसे येऊ लागली. कुणाचे हात थरथरत होते, कुणाला फिट आलेली होती, कुणी समोर नसलेल्या माणसाशी बोलत होते. पुष्कळांना ही नुसती पिण्याची हाव वाटते आणि चार दिवस खोलीत कोंडले की माणूस ताळ्यावर येईल असा त्यांचा हिशेब असतो. तो जिवावर बेतू शकतो, कारण इथे प्रश्न निग्रहाचा नसून मेंदूचा आहे. मेंदूत ‘गाबा’ हे रसायन पेशींना शांत करते, तर ‘ग्लुटामेट’ त्यांना चेतवते. दारू पहिल्याला जोर देते आणि दुसऱ्याला दाबते. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल राखण्यासाठी उलटी तयारी करतो: शांतवणारी यंत्रणा सैल सोडतो, चेतवणारी वाढवतो. दारू अचानक तुटली की ही उलटी तयारी तेवढी मागे उरते.

डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, लोराझेपाम ही बेन्झोडायझेपाइन गटाची औषधे याच गाबाच्या ग्राहकांवर काम करतात. म्हणून ती दारूची रिकामी जागा काही दिवस धरून ठेवतात आणि मेंदूला हळूहळू पूर्वपदावर यायला उसंत देतात. नुसती गुंगी आणणारे कुठलेही औषध का चालत नाही, याचे उत्तर अमेरिकेत १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मिळाले. पाचशेहून अधिक रुग्णांत क्लोरडायझेपॉक्साइडची तुलना क्लोरप्रोमाझिन, हायड्रॉक्सिझिन, थायमिन आणि औषध नसलेली गोळी यांच्याशी केली गेली. फिट आणि भ्रम सर्वांत कमी झाले ते क्लोरडायझेपॉक्साइड घेतलेल्यांत. पुढे १९९९ मध्ये, दारू तुटल्याने एक फिट येऊन गेलेल्या रुग्णांना लोराझेपामचे इंजेक्शन दिले, तर दुसरी फिट ३ टक्क्यांनाच आली. न दिलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते.

मग गोळ्यांची पट्टी घरी का देऊ नये? पंचेचाळिशीतला, रोज बाटलीभर पिणारा एक माणूस डोळ्यांपुढे आणू. शेवटचा पेला रविवारी रात्री झाला असेल तर सोमवारी सकाळी हात कापू लागतात. सोमवार-मंगळवारी फिटचा धोका सर्वांत जास्त असतो. घरच्यांना ‘आता निभावले’ असे वाटते त्याच बुधवार-गुरुवारी ताप, घाम, धावती नाडी आणि डोळ्यांपुढे किडेमुंग्या, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स, सुरू होऊ शकतो. वॉर्डात परिचारिका ठरावीक तासांनी त्याला हात पुढे करायला सांगते, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास पाहते आणि दहा लक्षणांना गुण देते. बेरीज वाढली तर पुढचा डोस. माणूस पेंगुळला असेल, श्वास मंदावला असेल तर डोस थांबवायचा. १९९४च्या एका चाचणीत असे लक्षणे पाहून औषध दिल्यावर उपचार ९ तासांत आटोपले, घड्याळ लावून दिल्यावर ६८ तास लागले; औषधही ४२५ऐवजी १०० मिलिग्रॅम पुरले. या आकड्यांवरून मला तरी हेच दिसते की लक्ष ठेवल्याने औषध वाढत नाही, कमी होते. शिवाय यकृत खराब असेल तर डायझेपामसारखी लांब टिकणारी औषधे अंगात साचत जातात. म्हणून तिथे लोराझेपाम निवडतात. आणि भ्रम दिसला की तो दारू तुटल्याचा, डोक्याला मार लागल्याचा, साखर उतरल्याचा की थायमिनच्या कमतरतेचा, हे पाहावे लागते. गोळीने यातले काहीच दिसत नाही, उलट झाकले जाते.

याच टाळेबंदीत दुसरा प्रश्नही पुढे आला: थोडी दारूच का देऊ नये? केरळ सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला, त्याला इंडियन मेडिकल असोसिएशनने विरोध केला आणि एप्रिल २०२०च्या सुरुवातीला केरळ उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. दारूने थरथर थांबते हे खरे. पण तिचा अंमल लवकर उतरतो, पोट-यकृतावरचा मारा चालूच राहतो, आणि मात्रा पायरीपायरीने उतरवणे कठीण जाते. मात्र ‘म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे’ हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तेलंगणात तर तो नुसता तात्त्विक नाही. इथल्या भेसळीच्या ताडीत अल्प्राझोलाम आणि डायझेपाम मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आली आहेत. २०१५ मध्ये तिच्यावर कारवाई झाली तेव्हा निजामाबाद, महबूबनगर भागांत माणसे अशीच थरथरत दवाखान्यांत पोचली. अशा माणसाला सवय ताडीची नव्हे, तिच्यातल्या गोळीची असते. किती मिसळली होती हे त्यालाही ठाऊक नसते. म्हणूनच दाखल करताना ‘दारू की ताडी?’ हे विचारणे फार मोलाचे आहे. अल्प्राझोलामची सवय दारूसारखी आठवड्याभरात उतरवता येत नाही, तिला बराच जास्त काळ लागतो. भेसळीत मात्रा कुणी मोजत नाही आणि संपण्याचा दिवस ठरलेला नसतो. वॉर्डात हे दोन्ही केसपेपरवर लिहिलेले असते: साध्या दारूच्या रुग्णाचे डोस रोज उतरवत साधारण आठवड्याभरात शून्यावर आणायचे, थायमिन पुढे चालू ठेवायचे, आणि घरी जाताना हातात पट्टी द्यायची नाही.