‘पुन्हा ऑपरेशन का करत नाही?’

शस्त्रक्रिया विभागाला येणारी आभारपत्रं बहुधा चार ओळींची असतात. ‘तुम्ही देवासारखे धावून आलात’ या वाक्यापाशी ती संपतात. आमच्या सरकारी रुग्णालयात आलेलं एक पत्र मात्र वहीची तीन पानं भरून होतं. रुग्णाच्या मुलीने लिहिलेलं. त्यात आभार होते, पण त्याआधी राग होता. ‘सर, आम्ही महिनाभर तुमच्यावर चिडलो होतो. शिवण सुटली हे दिसत असताना तुम्ही पुन्हा ऑपरेशन करत नव्हता,’ असं तिने सरळ लिहिलं होतं.

रुग्ण सेहेचाळीस वर्षांचे शेतकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याला भोक पडलं, पोटात पू झाला. रातोरात शस्त्रक्रिया करून भोक शिवलं. पण अशा सुजलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या आतड्यात टाके कधी कधी धरत नाहीत. सहाव्या दिवशी ताप चढला, नाडी जलद झाली आणि जखमेतून हिरवट-पिवळा द्रव येऊ लागला. आतड्यातून त्वचेपर्यंत वाट तयार झाली होती. तिला फिश्चुला म्हणतात. गुदद्वाराजवळच्या भगंदराहून हा प्रकार वेगळा. रुग्णाची साखर आणि क्षार सांभाळण्यासाठी मला, म्हणजे फिजिशियनला, बोलावलं गेलं ते तेव्हा.

घरच्यांचा प्रश्न रास्त होता: भोक दिसतंय, तर शिवत का नाही? कारण त्या काळात पोटातली आतडी सुजून एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. ती सोडवायला गेलं तर फाटतात, आणि एका भोकाची तीन होतात. सूज उतरून हे चिकटणं सैल व्हायला अनेक आठवडे लागतात. म्हणून शस्त्रक्रिया करायचीच झाली तर सहसा किमान सहा आठवडे, पुष्कळदा तीन महिनेही थांबतात. पोटभर पू पसरला, रक्तस्राव झाला किंवा आतड्याचा भाग निकामी झाला तर मात्र थांबता येत नाही. इथे सीटी स्कॅनमध्ये पुवाचा एकच साठा दिसला. तो बाहेरून नळी घालून काढला, ताप उतरला आणि थांबणं शक्य झालं.

पण थांबणं म्हणजे नुसतं पाहत बसणं नव्हे. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त द्रव गेला तर पाणी आणि क्षार झपाट्याने घटतात. यांचा आठशे मिलिलिटर जात होता, आणि तेवढं सलाइनमधून मोजून परत द्यावं लागे. ते मोजायचं काम मुलीने अंगावर घेतलं. वहीत दोन रकाने: पिशवीत किती, लघवी किती. राउंडला आम्ही आधी तिची वही पाहत असू. लघवी कमी झालेली दिसली की सलाइन वाढे.

दुसरी लढाई अन्नाची. भरून यायला शरीराला प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या अशा माणसाला रोज सुमारे दीड हजार कॅलरी आणि ७५ ते १०० ग्रॅम प्रथिनं हवीत. सुरुवातीला ती मोठ्या शिरेतून दिली, मग द्रव कमी होत गेला तसं तोंडाने मऊ भात, अंडी, पनीर सुरू केलं.

तिसरी कातडीची. आतड्यातला पाचक रस त्वचेलाही पचवू लागतो. पत्रात सर्वांत मोठा परिच्छेद सर्जनवर नाही, सिस्टरवर आहे. त्यांनी भोकाच्या मापाने पिशवीची चकती कापून बसवली, भोवती झिंकचं मलम लावलं आणि गळती दिसली की रात्रीसुद्धा पिशवी बदलली. ‘त्या दिवसापासून बाबा झोपायला लागले,’ असं मुलीने लिहिलंय.

विसाव्या दिवशी वहीत चारशेचा आकडा होता, पस्तिसाव्या दिवशी शंभरचा. सत्तेचाळिसाव्या दिवशी पिशवी कोरडी राहिली. दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरजच पडली नाही. प्रत्येकाचं असं होत नाही. पुढे आतड्यात अडथळा असेल, भोक मोठं असेल किंवा पू शिल्लक असेल तर वाट आपोआप बंद होत नाही, आणि मग सूज उतरल्यावर, वजन भरल्यावर पोट उघडावं लागतं. तोवरची निगा मात्र हीच.

पत्राच्या शेवटी एक मागणी आहे: ‘आम्हाला वही विसाव्या मिनिटाला नाही, आठव्या दिवशी मिळाली. पुढच्या माणसांना ती पहिल्याच दिवशी द्या, आणि का थांबायचं तेही त्याच दिवशी सांगा. मग ते तुमच्यावर चिडणार नाहीत.’ आता वॉर्डात अशा रुग्णाच्या नातेवाइकाला सिस्टर पहिल्याच दिवशी दोन रकाने आखलेली वही देतात.