शेठ, पार्टी कधी?

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. चाळीसेक जण, त्यातले बोलणारे सात-आठ. एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, म्हणून तो सगळ्यांचा 'शेठ'. कुणी 'शेठ, पार्टी कधी?' टाकलं की तो लगेच सुनावणार, 'आधी मागची उधारी मिटव, मग बघू.' दिवाळीनंतर दुकान बंद पडलं. 'पार्टी कधी' मात्र चालूच राहिलं. आता शेठकडून नुसता हसून डोळे पाणावलेला इमोजी येतो. मग कुणीतरी स्नेहसंमेलनातला त्याचा चेहरा कापून स्टिकर बनवला आणि खाली लिहिलं, 'दिवाळखोर शेठ'. त्यावर डझनभर जण हसले. शेठनेही अंगठा दाखवला.

ग्रुप काल्पनिक आहे, तरी आपल्या फोनमध्ये असा एखादा सापडेलच. यात थट्टा कुठे संपली आणि टिंगल कुठून सुरू झाली? मजकूर वाचून ते कळणार नाही, कारण वाक्य आधीही तेच होतं आणि नंतरही तेच आहे. बघायचं ते त्याच्या उत्तरांकडे.

थट्टेला परवाना लागतो. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० साली 'थट्टेच्या नात्यां'वर एक निबंध लिहिला. काही नात्यांत एकाने दुसऱ्याची चेष्टा करायची आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही, हे समाजानेच ठरवून दिलेलं असतं. आपल्याकडे दीर-भावजयीचं नातं असंच. बॅचच्या ग्रुपवर असं कुणी काही ठरवलेलं नसतं. तिथला परवाना एकाच गोष्टीवर टिकतो, ती म्हणजे परतफेड. शेठ उलट उधारी काढत होता तोवर खेळ दोन्ही बाजूंनी चालू होता. तो फटके मारायचा थांबला आणि बाकीचे चेंडू टाकतच राहिले.

म्हणून ग्रुप वर सरकवून सहा महिने मागे जा आणि त्याची तुलना त्याच्याशीच करा. मुळात अबोल असणाऱ्याचा अंगठा म्हणजे काहीच नाही, पण तोंडाळ माणसाचा अंगठा म्हणजे पुष्कळ काही. क्रिकेटवर तो अजून चार ओळी लिहितो आणि दुकानाचा विषय निघाला की तेवढ्यापुरता गप्प होतो, असं दिसलं तर दुखरी जागा सापडली समजा. सगळ्याच विषयांवर गप्प असेल तर कदाचित कामात असेल, ग्रुप म्यूट केला असेल. तो विषय बदलू पाहतो तेव्हा लोक बदलू देतात का, हेही पाहा. मित्र सोडून देतात. टिंगल करणारे त्याला ओढून परत तिथेच आणतात.

हसऱ्या इमोजीवर मात्र विसंबू नका. चाळीस जणांसमोर 'मला लागलं' म्हणण्यापेक्षा हसणं स्वस्त पडतं.

स्टिकर करणारा दुष्टच असेल असं नाही. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना काही वाक्यं उपरोधाने, काही सरळ अर्थाने लिहून ईमेलने पाठवायला सांगितलं. वाचणारा सुमारे ७८ टक्के वेळा बरोबर ओळखेल, असं पाठवणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात ओळखलं ५६ टक्के वेळा, म्हणजे छापा-काट्यापेक्षा थोडंसंच बरं. लिहिताना आपल्या कानात आपला हसरा सूर वाजत असतो. तो समोरच्याला पोचत नाही, हे ध्यानातच येत नाही.

मग करायचं काय? ग्रुपवर 'अरे, त्याला वाईट वाटतंय' असं लिहिणं सगळ्यात वाईट, कारण तोवर फक्त गप्प असलेला माणूस एका क्षणात बिचारा ठरतो. ॲडमिनने स्टिकर उडवला तर मेसेज डिलीट केल्याची पाटी मागे उरते आणि ज्यांनी तो पाहिलाच नव्हता तेही 'काय होतं रे?' विचारू लागतात. त्यापेक्षा त्या स्टिकरवर हसू नका आणि दुसरा विषय काढा. बोलक्या सात-आठांपैकी दोघांनी हात आखडता घेतला तरी मैफल पांगते.

शेठशी बोलायचं ते वेगळं, शक्यतो फोनवर. 'तुला राग आला का?' असं विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे, 'छे रे.' त्याऐवजी स्वतःचं मत सांगा: 'तो स्टिकर मला नाही आवडला.' मग त्याला दुखावल्याची कबुली द्यावी लागत नाही, हवं असेल तर तो पुढे बोलेल. नाही बोलला तर दुकानाचं खोदत बसू नका, बाकीच्या गप्पा मारा.

स्टिकरवाल्यालाही खासगीतच गाठा आणि 'दुकान बंद झालंय त्याचं, तो विषय नको' एवढंच म्हणा. त्याला खरंच भान राहिलं नसेल तर 'अरे हो, राहूनच गेलं' म्हणून तो थांबेल, कदाचित शेठला फोनही करेल. 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं' म्हणत संध्याकाळी नवा स्टिकर टाकला, तर आता त्याला कळलेलं आहे आणि तरीही तो टाकतो आहे.