एक लाख व्ह्यूज म्हणजे किती रुपये?

परभणी, जिंतूर, गंगाखेड, सेलू, कुठेही गेलो तरी भेटणारा तरुण शिक्षक हमखास एकच प्रश्न विचारतो. "सर, पोलीस भरतीसाठी मराठी व्याकरणाचं चॅनेल काढलंय. एक लाख व्ह्यूज झाले की महिन्याला किती सुटतील?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो, "तुझ्या सहाव्या धड्याला किती व्ह्यूज आहेत?" बहुतेकांनी ते पाहिलेलेच नसतात. खरा गैरसमज तिथेच आहे, म्हणून आधी तोच घेतो.

गैरसमज: व्ह्यूज वाढले की पैसा आपोआप येतो.

यूट्यूब व्ह्यूजचे पैसे देत नाही. तो जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा देतो. मोठ्या व्हिडिओवर जाहिरात लागली, तर त्या उत्पन्नातले 55 टक्के चॅनेलवाल्याला मिळतात. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा आहे. तिथे जाहिरातींचे पैसे आधी एकत्र जमा होतात आणि चॅनेलच्या वाट्याला आलेल्या रकमेतले 45 टक्के त्याला मिळतात. प्रत्येक व्ह्यूला जाहिरात दिसतेच असेही नाही.

वाटा मिळायला सुरुवात होण्याआधी एक उंबरठा ओलांडावा लागतो. त्यासाठी 1,000 सबस्क्राइबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास सार्वजनिक व्हिडिओ पाहिले गेलेले हवेत. किंवा तासांऐवजी 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज हवेत. मेंबरशिपसारख्या काही सोयी 500 सबस्क्राइबर, 90 दिवसांत 3 व्हिडिओ आणि 3,000 तासांवर सुरू होतात, पण जाहिरातींसाठी वरचीच अट आहे.

4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटे. वीस मिनिटांच्या धड्यातली सरासरी सहा मिनिटे लोक पाहतात असे धरले, तर त्याला 40,000 व्ह्यूज लागतात. शॉर्ट्सच्या फीडमध्ये पाहिलेला वेळ या 4,000 तासांत धरला जात नाही. 'प्रायव्हेट' आणि 'अनलिस्टेड' व्हिडिओंचे तासही मोजले जात नाहीत. पैसे भरलेल्या मुलांसाठी अनलिस्टेड धडे ठेवणाऱ्याने हे आधीच ओळखावे. ते धडे विकले जातील, पण चॅनेलच्या तासांत त्यांची भर पडणार नाही.

आता एक लाख व्ह्यूजचा हिशेब करू. पुढचे आकडे समजुतीपुरते धरलेले आहेत. दर हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात 25 रुपये पडतात असे धरा. एक लाख व्ह्यूजचे 2,500 रुपये झाले. ॲडसेन्स 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. डॉलर 85 रुपयांचा धरला, तर 8,500 रुपये जमायला चौथा महिना उजाडतो. महिन्याला लाखभर लोक पाहत असतानाही तीन महिने खात्यात काहीच येत नाही.

इथे एक चूक मला फार छळते. कोणीतरी फुशारकीने 'माझा सीपीएम 150 आहे' असे सांगतो आणि ऐकणारा लाख व्ह्यूजचे 15,000 मोजून मोकळा होतो. सीपीएम म्हणजे हजार जाहिराती दाखवायला जाहिरातदाराने मोजलेली रक्कम. त्यातून यूट्यूबचा हिस्सा अजून जायचा असतो, आणि हजार जाहिराती म्हणजे हजार व्ह्यूज नव्हेत. तुमच्या खिशाशी संबंध आरपीएमचा आहे. सगळे व्ह्यूज धरून हजारामागे तुम्हाला किती मिळाले, हे तो सांगतो. स्टुडिओत दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात. आरपीएमच पाहा.

मग शिक्षकाला पैसे देतो कोण?

शेवटच्या धड्यापर्यंत टिकलेला विद्यार्थी. हे एका उदाहरणातून सांगतो.

'प्रयोग' हा भाग घ्या. पोलीस शिपाई भरतीच्या 100 गुणांच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण हा स्वतंत्र विषय आहे, आणि प्रयोग ओळखायला लावणारा प्रश्न परीक्षार्थींच्या ओळखीचा आहे. शॉर्ट्सवर एक युक्ती सर्वत्र फिरते, 'कर्त्याला ने लागला की कर्मणी'. तीस सेकंदांत सांगून होते, पाठ होते आणि व्ह्यूज मिळवून देते. पण ती अर्धीच खरी आहे.

'मुलाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग आहे, कारण 'मुलाने चिंच खाल्ली' असे म्हटले की कर्माबरोबर क्रियापद बदलते. 'मुलाने बैलाला हाकलले' यातही कर्त्याला 'ने' आहे. पण 'मुलाने बैलांना हाकलले', 'मुलीने गाईला हाकलले' असे काहीही केले तरी क्रियापद 'हाकलले'च राहते. हा भावे प्रयोग आहे. 'तो चाकूने फळ कापतो' यात 'ने' आहे, पण तो साधनाला लागला आहे. 'ती चाकूने फळ कापते' म्हटले की क्रियापद कर्त्यामागे जाते, म्हणून हा कर्तरी. युक्ती पाठ करून नुसता 'ने' शोधणारा मुलगा तीनपैकी एकच उत्तर बरोबर देईल आणि आपल्याला प्रयोग येतो असे समजून परीक्षेला जाईल.

हे नीट शिकवायचे तर क्रम लागतो. पहिला धडा लिंग आणि वचनाचा, दुसरा विभक्तीचा, तिसरा वाक्यातले कर्ता, कर्म आणि क्रियापद शोधण्याचा. चौथा कर्तरीचा, पाचवा कर्मणी आणि भावे यांचा. सहाव्या धड्यात तिन्ही प्रयोगांची 30 वाक्ये मिसळून सोडवायची. प्रत्येक व्हिडिओच्या नावात 'प्रयोग 3/6' असा क्रमांक हवा आणि प्लेलिस्टही त्याच क्रमाने हवी. मधूनच आलेल्या मुलाला आपण कुठे आहोत आणि मागे काय राहिले आहे हे त्यावरून कळते.

मग सहा धड्यांचे व्ह्यूज ओळीने मांडा. पहिल्याला 5,000 आणि सहाव्याला 300 असतील, तर निराश होऊ नका. त्या 300 जणांनी तुमच्याबरोबर सहा पायऱ्या चढल्या आहेत. पहिल्या तीन धड्यांतच आकडा कोसळला असेल, तर विभक्तीचा धडा पुन्हा पाहा. गळती कुठल्या मिनिटाला झाली हे त्या व्हिडिओच्या आलेखात दिसते. अनेकदा तिथे शिक्षक एखादा तक्ता वाचून दाखवत असतो.

त्या 300 पैकी दहातला एक, म्हणजे 30 जण 299 रुपये भरून सराव गटात आले असे धरू. ते झाले 8,970 रुपये, आणि त्यासाठी चार महिने थांबावे लागत नाही. पण हे पैसे फुकटचे नाहीत. या गटात आठवड्याला एक याप्रमाणे महिन्याला चार चाचण्या घ्यायच्या. बरोबर-चूक फॉर्मवर आपोआप कळते, पण 'हाकलले'ला मुलाने कर्मणी का म्हटले हे माणसालाच शोधावे लागते. एका मुलाला एका चाचणीमागे 15 मिनिटे दिली, तर 30 मुलांचे चार चाचण्यांत 30 तास होतात. म्हणजे तासाला जेमतेम 300 रुपये, त्यातही धडा तयार करण्याचा वेळ मोजलेला नाही. ही मेहनत मंजूर असेल तरच चॅनेल काढावे.

आणखी एक मर्यादा आहे. भरतीची जाहिरात निघाली की गट भरतो, परीक्षा झाली की रिकामा होतो. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. त्या काही महिन्यांतला चॅनेलचा आलेख पाहून नोकरी सोडू नका. जाहिरात नसलेल्या सहा महिन्यांचा हिशेब आधी मांडा.

गैरसमज: नोट्सची पीडीएफ हाच विकायचा माल.

ड्राइव्हवर डाउनलोड बंद केले तरी मूल स्क्रीनशॉट काढते, आणि एक पीडीएफ टेलिग्रामवर गेली की ती सगळ्यांची होते. म्हणून धड्याबरोबरची एक-दोन पानी नोट मोकळी द्यावी आणि पैसे चाचणी व चुकांच्या तपासणीचे घ्यावेत. तरीही पीडीएफ विकायचीच असेल, तर प्रत्येक पानाच्या तळाशी विद्यार्थ्याचे नाव आणि गटाचा क्रमांक टाका. कोणी कापून टाकलाच तर इलाज नाही, पण बहुतेक वेळा फुटलेली प्रत कोणत्या गटातली हे कळते. नोट्स युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये 'समास' शोधले तर मोबाइलला काहीच सापडत नाही.

आणखी काही, थोडक्यात.

*'बालभारतीची पुस्तके नेटवर मोफत आहेत, म्हणजे पाने उचलून विकता येतात.'* मोफत वाचायला मिळणे वेगळे. हक्क मंडळाचेच आहेत, आणि लेखी परवानगीशिवाय भाग उद्धृत करू नये असे पुस्तकातच छापलेले असते. वाळंबे यांच्या व्याकरणाच्या पुस्तकातली उदाहरणेही जशीच्या तशी उचलू नका. नियम सगळ्यांचा आहे, वाक्ये स्वतः बनवा.

*'निवड झालेल्या मुलाचा फोटो लावला तर काय बिघडते?'* केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवडीनंतर घेतलेली लेखी संमती लागते आणि त्याने कोणता कोर्स केला हेही सांगावे लागते. 'शंभर टक्के निवड' असा दावा तर करताच येत नाही.

*'एकदा रेकॉर्ड केले की जन्मभर कमाई.'* राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. बहुपर्यायी पद्धतीसाठी केलेले कित्येक धडे त्या निर्णयाने एका फटक्यात जुने झाले.

*'शिकवणीला कर नसतो.'* उत्पन्नावर प्राप्तिकर आहेच. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली, तर खासगी शिकवणीला जीएसटीही लागतो.

*'अमेरिकेच्या कराचा माझ्याशी काय संबंध?'* ॲडसेन्समधला कराचा फॉर्म भरला नाही, तर एकूण कमाईच्या 24 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. फॉर्म भरला की अमेरिकी कराचा विषय तिथल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईपुरताच उरतो. परभणीच्या मराठी चॅनेलसाठी ती रक्कम नगण्य असते.

तेव्हा पुढच्या वेळी भेटलात की मला एक लाखाचा हिशेब विचारू नका. सहाव्या धड्याचा आकडा आणि तो पाहिलेल्या मुलांनी 'मुलाने बैलाला हाकलले'ला काय उत्तर दिले, एवढे घेऊन या. फी किती ठेवायची ते त्या दोन गोष्टींवरून सांगता येईल.