एसीच्या रिमोटची नक्कल

टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबले की ‘आवाज वाढव’ एवढीच एक आज्ञा जाते. एसीच्या रिमोटचे तसे नाही. तापमान एका अंशाने बदलले, तरी तो चालू-बंद, थंडावा, तापमान, पंख्याचा वेग हे सगळे पुन्हा पहिल्यापासून कळवतो. एसीकडून त्याला उत्तर मात्र कधीच येत नाही. त्यामुळे ठरलेल्या वेळी एसी चालवायचा, तर बटणे नव्हे, हवी ती अवस्था सांगणारा आख्खा संदेश टिपावा लागतो.

टिपण्यासाठी टीएसओपी १७३८ सारखा तीन पायांचा इन्फ्रारेड रिसीव्हर ईएसपी ८२६६ बोर्डला जोडतात. रिमोटचा प्रकाश सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकतो. रिसीव्हर ती लुकलुक गाळून फक्त प्रकाश आणि अंधाराचे तुकडे पुढे देतो, आणि बोर्ड त्यांची लांबी मायक्रोसेकंदांत मोजतो. `IRremoteESP8266` या लायब्ररीतला `IRrecvDumpV2` हा नमुना-प्रोग्रॅम हे काम करतो. फसगत होते ती लांबीमुळे. काही एसींचे संदेश दोनशेहून अधिक बिटांचे असतात आणि मध्ये थांबतही असतात. साठवणीची जागा किंवा प्रतीक्षेचा काळ कमी ठेवला, तर संदेश अर्धाच टिपला जातो. तेच बटण त्याच अवस्थेत तीनदा टिपून ताडून पाहावे. दर वेळी थोडा फरक पडत असेल, तर रिमोट घड्याळाची वेळही पाठवत असण्याची शक्यता असते.

एलजीच्या काही एसींचा संदेश अवघा २८ बिटांचा, म्हणून समजायला सोपा. १८ अंशांवर थंडावा सुरू करण्याचा एक संदेश `0x8800347` असा दिसतो. सुरुवातीचे `88` ही ओळख. `3` हे तापमान, कारण त्यात १५ मिळवायचे असतात. `4` हा पंख्याचा वेग आणि शेवटचा `7` हा ताळा: मधल्या चार अंकांची, 0, 0, 3, 4 यांची, बेरीज. २४ अंशांसाठी `3` च्या जागी `9` येतो आणि बेरीज १३ होते. १६ अंकांच्या मोजणीत १३ म्हणजे `D`. ताळा तसाच `7` ठेवला, तर एसी संदेश झिडकारतो.

```
irsend.sendLG(0x880094D, 28);
```

ओळख न पटलेला संदेश टिपलेल्या कालांतरांसकट `sendRaw` ने पाठवता येतो. बोर्डच्या पायाला थेट जोडलेला एलईडी मिणमिणता राहतो आणि खोलीपलीकडे पोहोचत नाही, म्हणून मध्ये ट्रान्झिस्टर लागतो. एलईडी पेटतो की नाही, हे बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात फिकट जांभळ्या ठिपक्यावरून कळते.

वेळ इंटरनेटवरून घेताना भारतासाठी १९,८०० सेकंद मिळवावे लागतात. एखादा संदेश हुकण्याची धास्ती असेल, तर मिनिटभराने तोच पुन्हा पाठवावा. संपूर्ण अवस्था सांगणाऱ्या संदेशाने काही उलटत नाही. काही एसींमध्ये मात्र चालू-बंदचा बिट आधीची स्थिती पालटतो. तिथे दुसरा संदेश एसी बंदच करून टाकील. एसी खरोखर चालला का, हे हवेच्या तोंडाशी लावलेला तापमापक सांगतो.

यातले काहीच हातातल्या रिमोटला कळत नाही. पहाटे ३ ला बोर्डने तापमान २७ वर नेले, तरी रिमोटवर २४ च असते. कोणी झोपेत ‘अधिक’ दाबले, की एसी २५ वर येतो.