काळी मेंदी आणि बर्गंडी बट

माझी भाची नववीत होती. गॅदरिंगच्या नाचासाठी तिने घरीच पुढच्या दोन बटा बर्गंडी केल्या. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानामागे खाज सुटली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘हिने कधी काळी मेंदी काढली होती का?’ काढली होती, दोन वर्षांपूर्वी मामाच्या लग्नात. तेव्हा मनगटावर नक्षीच्याच आकाराचे फोड आले होते आणि आम्ही ते उष्णतेवर ढकललं होतं.

दोन्हींतला दुवा म्हणजे पीपीडी, अर्थात पॅराफेनिलिनडायअमीन. पर्मनंट रंगात अमोनियासारखा क्षार केसाचं वरचं आवरण सैल करतो. आत शिरलेल्या पीपीडीसारख्या छोट्या रेणूंची हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की त्यांचे मोठे रंगीत रेणू बनतात आणि ते आतच अडकतात, म्हणून रंग धुऊन जात नाही. काही जणांचं शरीर मात्र पीपीडीला शत्रू म्हणून लक्षात ठेवतं. ही ओळख बहुधा जन्मभर राहते आणि पुढच्या वेळी त्रास वाढू शकतो. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी ते तपकिरी असतो. तासाभरात कुळकुळीत काळी रंगणाऱ्या मेंदीत बहुतेकदा पीपीडीच असतं. युरोपात अशा रंगांच्या खोक्यावर ‘सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही’ अशी सूचना छापावी लागते. मला ती मर्यादा पटते. त्यानंतरही रंग लावण्याआधी ४८ तास पॅच टेस्ट हवीच. आणि काळ्या मेंदीने एकदा त्रास झाला असेल, तर घरी टेस्टही करू नये. आधी डॉक्टरांना दाखवावं.

मग गॅदरिंगला काय करायचं? आपल्या काळ्याभोर केसांवर पातळ रंग दिसतच नाही. तो दिसावा म्हणून मुलं ब्लीचकडे वळतात, आणि केस राठ होतात ते तिथेच. त्यापेक्षा रंगीत हेअर वॅक्स किंवा हेअर मस्करा बरा. त्यातला दाट रंग केसावर नुसता बसतो, त्यामुळे ब्लीचशिवाय उठून दिसतो. खांद्यावर जुना टॉवेल घ्यायचा, एक पातळ बट धरायची आणि टाळूपासून दोन बोटं सोडून खाली रंग ओढायचा. वाळल्यावर मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरायचं. घाम आला की रंग कॉलरला लागतो, म्हणून बट मानेवर येणार नाही अशी बांधावी. हेअर चॉकनेही काम होतं, पण केस कोरडे पडतात. रात्री आधी बटेला तेल चोळून मग शाम्पू केला, की रंग बहुतेक पहिल्याच धुण्यात निघतो. सोमवारच्या प्रार्थनेला केस पुन्हा काळे!

भाचीने यंदा क्लिपची रंगीत बट लावली. नाच संपल्यावर ती काढली आणि मैत्रिणीला दिली.