व्हायवात कार्डिअॅक आउटपुट

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या व्हायवात कार्डिअॅक आउटपुटचा प्रश्न बहुधा व्याख्येपासून सुरू होतो, आणि घसरगुंडीही तिथूनच सुरू होते. ‘हृदय मिनिटाला जेवढे रक्त बाहेर टाकते ते’ एवढे उत्तर दिले की परीक्षक विचारतात, ‘एका व्हेंट्रिकलचे की दोन्हींचे?’ म्हणून पहिल्या वाक्यातच सांगून टाकावे: प्रत्येक व्हेंट्रिकल एका मिनिटात बाहेर टाकते तेवढे रक्त. त्याला लागूनच आकडा द्यावा. एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, मिनिटाला 72 ठोके. गुणाकार 5040, म्हणजे साधारण 5 लिटर. व्याख्या, एकक, सूत्र आणि आकडा एका दमात येतात, आणि पुढचे प्रश्न या गुणाकारातूनच निघतात.

त्यातला नेमका फसवा प्रश्न असा: ठोके दुप्पट झाले तर आउटपुट दुप्पट होईल का? सूत्र पाठ असलेला विद्यार्थी लगेच ‘हो’ म्हणतो. इथे क्षणभर थांबून गुणाकाराच्या दुसऱ्या आकड्याचे काय होते ते पाहावे. मिनिटाला 75 ठोके असताना हृदय सैल होऊन भरण्याला सुमारे 0.53 सेकंद मिळतात. 200 ठोक्यांना जेमतेम 0.14. भरायला वेळ कमी, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही कमी. विश्रांतीत नुसते ठोके वाढले तर आउटपुट त्या प्रमाणात वाढत नाही. फार वाढले तर उलट घटते. व्यायामात मात्र ते चौपटीपर्यंत जाते, कारण स्नायू शिरांमधले रक्त हृदयाकडे ढकलतात आणि हृदयाचे आकुंचनही जोरदार होते.

मोजमापाचा प्रश्न आला की फिक तत्त्वाचे उदाहरण तोंडीच सोडवून दाखवावे. शरीर मिनिटाला 250 मिलिलिटर ऑक्सिजन वापरते. धमनीतल्या एक लिटर रक्तात 200 मिलिलिटर ऑक्सिजन असतो, हृदयाकडे परतलेल्या मिश्र रक्तात 150. म्हणजे प्रत्येक लिटर रक्ताने 50 मिलिलिटर पोहोचवला. 250 पोहोचवायला 5 लिटर रक्त लागले. पुढचा प्रश्न ठरलेला: परतलेले रक्त हाताच्या शिरेतून घेतले तर? चालणार नाही. प्रत्येक अवयव वेगळ्या प्रमाणात ऑक्सिजन काढून घेतो. हृदयाचा स्नायू पुष्कळ, मूत्रपिंड थोडा. सगळीकडचे रक्त नीट मिसळते ते उजव्या बाजूला, म्हणून नमुना फुप्फुसीय धमनीतून, कॅथेटर घालून घ्यावा लागतो. रुग्णाला होणारा हा त्रास हीच या पद्धतीची मोठी मर्यादा.

एखादा आकडा आठवला नाही तर अंदाज ठोकू नये. सूत्र सांगून आठवत असलेल्या आकड्यांवरून तो काढावा आणि ही आकडेमोड परीक्षकांना ऐकू येईल अशी मोठ्याने करावी.