व्हिसा नाकारला, आता पुन्हा अर्ज करायचा की अपील? उत्तर पत्रातल्या कलमात आहे

समजा, वसईतल्या उमेळे गावचे एक निवृत्त गृहस्थ. लेक ब्रिटनमध्ये, तिच्याकडे महिनाभर जायचं म्हणून व्हिजिटर व्हिसाचा अर्ज केला आणि नकाराचं पत्र आलं. एजंट म्हणतो, "लगेच परत भरा." नातेवाईक म्हणतात, "अपील करा." पण दोन्हीच्या आधी ते पत्र नीट वाचायला हवं.

ब्रिटनच्या पत्रात कारणांसोबत नियमाचा क्रमांक असतो. `V 4.2 (a)` म्हणजे मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री पटली नाही. `V 4.2 (c)` म्हणजे भेटीचा हेतू पटला नाही. `V 4.2 (e)` म्हणजे खर्चाला पुरेसे पैसे आहेत हे पटलं नाही. मात्र खरी माहिती क्रमांकात नाही, त्याच्या वरच्या परिच्छेदात असते.

आपल्या गृहस्थांचं पेन्शन महिना २४ हजार. अर्जाच्या तीन आठवडे आधी खात्यात ४ लाख जमा झाले. अधिकाऱ्याने लिहिलं, ही रक्कम सांगितलेल्या उत्पन्नाशी जुळत नाही. म्हणजे पैसे कमी पडले असं तो म्हणत नाही, ते आले कुठून असं विचारतोय. अशा वेळी आणखी दोन लाख टाकून पुन्हा अर्ज केला तर संशय वाढतोच. मुदत ठेव मोडली असेल तर बँकेची पावती आणि चार ओळींचा खुलासा जोडला की प्रश्न मिटू शकतो. पैसे कुणाकडून दाखवण्यापुरते घेतले असतील, तर तो मार्ग सोडून लेकच खर्च करणार असल्याचं तिच्या पगाराच्या कागदांसह दाखवावं.

(a) साठी त्यांनी वाडीचा सातबारा जोडला होता, पण मराठीत. इंग्रजी किंवा वेल्श नसलेल्या कागदाला अनुवादकाच्या सहीचा, तारखेचा पूर्ण अनुवाद लागतो. त्याशिवाय सातबारा हिशेबातच धरला जात नाही.

मग अपील? कुटुंबाला भेटायला जाणाऱ्यांचा अपिलाचा सर्वसाधारण हक्क ब्रिटनने जून २०१३ मध्येच काढला. आता मानवी हक्कांचा मुद्दा असेल तरच अपील, नाहीतर तीन महिन्यांच्या आत कोर्टात दाद मागायची. ते महाग पडतं, तेही महिनाभराच्या भेटीसाठी. त्यामुळे कागद सुधारून नवा अर्ज हाच बहुतेकांचा रस्ता. त्यासाठी थांबायची अट नाही, फी मात्र नव्याने भरावी लागते आणि आधीचा नकार लपवायचा नाही.

युरोपातल्या शेंगेन देशांचं वेगळं आहे. तिथे अपिलाचा हक्क आहे आणि मुदत पत्रातच छापलेली असते. जर्मनीने मात्र १ जुलै २०२५ पासून दूतावासाकडेच फेरविचार मागायची सोय बंद केली. आता थेट कोर्ट.

ब्रिटनच्या पत्रात खोटी माहिती किंवा बनावट कागद असा ठपका असेल, तर घाईने नवा अर्ज करू नये. फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. कागद एजंटने तयार केला असला तरी अर्ज तुमच्याच नावावर असतो, म्हणून इथे आधी इमिग्रेशन वकील गाठावा.